मुतखड्याच्या सोनोग्राफीत सापडलेली पाणथरी

मेहरूणमध्ये राहणारे बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत असं समजू. बारा वर्षांपासून मधुमेह, पोट थोडं सुटलेलं, दारूला कधी हात लावलेला नाही. उन्हाळ्यात एका रात्री डाव्या कमरेतून जांघेकडे कळ गेली. कळ मुतखड्याची आहे हे घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं, कारण खानदेशात मुतखडा प्रत्येक घराच्या ओळखीचा. रात्री डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन झालं आणि सकाळी जळगावात सोनोग्राफी. डाव्या मूत्रनलिकेत खाली ५ मिलिमीटरचा खडा निघाला. तो चार दिवसांत पाण्याबरोबर निघून गेला आणि रिपोर्ट कपाटात गेला.

त्याच रिपोर्टात खड्याच्या वर आणखी चार ओळी होत्या. लिव्हरचा पोत जाडाभरडा, कडा किंचित खडबडीत. पाणथरी, म्हणजे प्लीहा, १४.६ सेंटिमीटर. पोर्टल व्हेन ११ मिलिमीटर. लिव्हर आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मध्ये पाण्याची पातळ रेघ. शेवटी निष्कर्षात मोठ्या अक्षरात खडा, आणि खाली बारीक अक्षरात 'क्लिनिकल कोरिलेशन सुचवतो'. म्हणजे रोग्याची बाकीची लक्षणं आणि तपासण्या बघून यांचा अर्थ लावा. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असतं, म्हणून कुणी वाचत नाही. इथे ते खड्यापेक्षा महत्त्वाचं होतं.

आतडी, जठर, पाणथरी आणि स्वादुपिंड यांतून येणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते सगळं एका जाड शिरेत गोळा होऊन आधी लिव्हरमध्ये शिरतं. ही पोर्टल व्हेन. लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग या शिरेतून येतो. एवढं रक्त जात असूनही दाब अगदी कमी असतो. लिव्हरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक निरोगी माणसात ५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त नसतो. दंडावर पट्टा बांधून मोजतो त्या १२०च्या तुलनेत हे काहीच नाही.

सिरॉसिसमध्ये लिव्हरभर व्रणासारखे कडक तंतू पसरतात आणि त्यांच्या मधल्या पेशी गाठीगाठींनी पुन्हा वाढतात. रक्ताच्या बारीक वाटा चेपल्या जातात. गाळाने भरलेल्या पाटाचं पाणी जसं बांध फोडून शेजारच्या वावरात शिरतं, तसं हे रक्त मागे तुंबतं आणि आडवाटा शोधतं. दाबातला फरक १०च्या वर गेला की अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या शिरा फुगायला लागतात, पोटात पाणी साठायची शक्यता तयार होते. १२च्या वर त्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते.

हा दाब सोनोग्राफीत मोजता येत नाही. मोजायचा तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत न्यावी लागते आणि ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच असते. सोनोग्राफी करणारा डॉक्टर दाब बघत नाही, दाबाने मागे सोडलेल्या खुणा बघतो. आणि त्या खुणांपैकी एकेक सुटी घेतली तर फसवते. म्हणूनच आपल्या गृहस्थांच्या चार ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर काही कळत नाही.

आधी कडा. पोट तपासायला जो वक्र प्रोब वापरतात, त्याची ध्वनिलहर खोल जाते, पण बारीक तपशील दाखवत नाही. लिव्हरचा पृष्ठभाग नीट बघायचा असेल तर डॉक्टरने प्रोब बदलायला हवा. थायरॉइड किंवा मानेच्या शिरा बघतात तो सपाट, उच्च वारंवारितेचा प्रोब घेऊन छातीच्या मधल्या हाडाच्या खाली डाव्या लोबवर ठेवायचा, कारण तिथे लिव्हर कातडीच्या सगळ्यांत जवळ असतं. पडद्यावर लिव्हरच्या वेष्टणाची एक बारीक पांढरी रेघ दिसते. निरोगी माणसात ती सलग, गुळगुळीत असते. सिरॉसिसमध्ये ती लाटालाटांची होते, जागोजागी तुटते, कारण खालच्या गाठी तिला वर ढकलतात. हे दिसलं तर सिरॉसिसची शक्यता दाट असते. पण दिसलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही. हा प्रोब चारपाच सेंटिमीटरच्या पलीकडे फारसा बघू शकत नाही, त्यामुळे पोटावर चरबीचा जाड थर असला की त्याचा उपयोग संपतो. शिवाय दारूमुळे होणाऱ्या सिरॉसिसमध्ये सुरुवातीच्या गाठी ३ मिलिमीटरपेक्षा लहान असतात. वक्र प्रोबवर तसं लिव्हर अगदी साधं वाटू शकतं.

मुतखड्यासाठी आलेल्या, कळवळणाऱ्या माणसाच्या तपासणीत प्रोब बदलून लिव्हरची कड बघायला किती डॉक्टरांना सवड मिळते? या रिपोर्टातल्या 'किंचित खडबडीत' या शब्दांमागे कुणीतरी तो वेळ काढला होता असं दिसतं. 'जाडाभरडा पोत' या शब्दांचं तसं नाही. मशीनचा उजळपणा कमीजास्त केला की पोत बदलतो, चरबी साठलेलं लिव्हरही वेगळंच चमकतं, आणि एकाच चित्राबद्दल दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. रिपोर्टात एवढीच ओळ असती तर मी तिला फार वजन दिलं नसतं.

कडेपेक्षा आकार कधी कधी जास्त बोलतो. सिरॉसिसमध्ये लिव्हरचा उजवा भाग आक्रसतो आणि मागचा छोटा कॉडेट लोब मात्र मोठा होतो. त्या लोबच्या स्वतःच्या छोट्या शिरा थेट मोठ्या अधोमहाशिरेत उघडतात, म्हणून बाकीचं लिव्हर गुदमरत असताना त्याचं बरं चाललेलं असतं. कॉडेट लोबची रुंदी भागिले उजव्या लोबची रुंदी, हे उत्तर ०.६५च्या वर गेलं तर सिरॉसिसचा संशय घेतात. पण ते कमी आलं म्हणून संशय मिटत नाही.

आता पाणथरी. तिची शीर पोर्टल व्हेनलाच मिळते, त्यामुळे पुढे तुंबलं की पाणथरी रक्ताने भरते आणि वाढते. रोग्याला उजव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला सांगून, डाव्या बरगड्यांच्या फटीतून तिची जास्तीत जास्त लांबी मोजतात. प्रौढांत साधारण १२ ते १३ सेंटिमीटरपर्यंत ती नेहमीची धरतात. उंच माणसाची थोडी मोठी असते. छेद तिरका पडला तर लांबी चुकते, म्हणून १२.८ आणि १३.२ यांच्यातल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. १४.६ मात्र मोजमापातली चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

तरीही खानदेशात पाणथरी एकटी साक्षीदार म्हणून फार कच्ची. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, शिरपूर, नंदुरबारच्या बाजूला, पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. आफ्रिकेतल्या सिकलसेलमध्ये पाणथरी लहानपणीच सुकून नाहीशी होते असं पाठ्यपुस्तकात वाचायला मिळतं. भारतातल्या सिकलसेलमध्ये गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे मोठेपणीही वाढलेली पाणथरी सापडणं इथे नवल नाही. मलेरिया, टायफॉइड आणि रक्ताचे काही आजारही ती वाढवतात.

आणखी एक सापळा लहान मुलांचा. दहा वर्षांच्या मुलाला अचानक रक्ताची मोठी उलटी होते, पाणथरी बेंबीपर्यंत पोहोचलेली असते, आणि लिव्हरची कड मात्र गुळगुळीत, लिव्हरच्या रक्ततपासण्याही ठीक. इथे दोष लिव्हरमध्ये नसतो, पोर्टल व्हेनच गुठळीने बंद झालेली असते. तिच्या जागी बारीक वेड्यावाकड्या शिरांचं जाळं दिसतं. भारतात मुलांच्या पोर्टल हायपरटेन्शनचं हे एक मोठं कारण आहे आणि त्यात सिरॉसिस नसतो. दाब वाढलेला असणं आणि लिव्हर खराब असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे लख्ख दिसतं. दोन्ही सोबत असतात की नाही ते कडा आणि पोर्टल व्हेन एकत्र बघूनच ठरतं.

पाणथरी वाढली की ती रक्तातल्या प्लेटलेट्सही अडकवून ठेवते. म्हणून सोनोग्राफीच्या ओळीला रक्ताच्या साध्या तपासणीची जोड द्यायची. आपल्या गृहस्थांच्या सीबीसीत प्लेटलेट्स ९८,००० आल्या असं धरू. इथे डॉक्टर एक साधं गणित करतात: प्लेटलेट्सचा आकडा भागिले पाणथरीची मिलिमीटरमधली लांबी. ९८,००० भागिले १४६, म्हणजे सुमारे ६७१. इटलीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या या गुणोत्तरात ९०९च्या खाली उत्तर आलं तर अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असण्याची शक्यता बरीच, वर आलं तर कमी. गणित अचूक नाही, पण प्लेटलेट्स आणि पाणथरी दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवत आहेत का, हे त्यावरून पटकन कळतं. डेंग्यूमुळे प्लेटलेट्स खाली गेल्या असतील तर अर्थातच त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे जुलै ते नोव्हेंबर हा मुद्दा नेहमी लक्षात ठेवावा लागतो.

रिपोर्टातली तिसरी ओळ अनेकांना दिलासा देईल: पोर्टल व्हेन ११ मिलिमीटर. शांत श्वासात १३ मिलिमीटरपर्यंत ती नेहमीची मानतात. मग दाब वाढलेला नाही असं म्हणायचं का? इथे अगदी शिकलेली माणसंही चुकतात. दाब वाढला की ही शीर आधी फुगते खरी, पण नंतर आडवाटा उघडल्या, रक्त बेंबीजवळच्या किंवा डाव्या मूत्रपिंडाकडच्या शिरांतून वळलं, की पोर्टल व्हेन पुन्हा नेहमीच्या जाडीची होऊ शकते. म्हणजे १५ मिलिमीटर असेल तर ती खूण आहे, ११ असेल तर ती सुटकेची पावती नाही. पुढचं बघायला डॉप्लर लागतं. त्यात रक्ताचा वेग आणि दिशा दिसते. पोर्टल व्हेनमधला सरासरी वेग साधारण १६ सेंटिमीटर प्रतिसेकंदाच्या खाली आला तर तुंबलेलं आहे असं समजतात. फार पुढच्या अवस्थेत रक्त उलटं, लिव्हरपासून दूर वाहायला लागतं. आणि डाव्या लोबपासून बेंबीकडे जाणारी, जन्मानंतर बंद होणारी वाट पुन्हा उघडून तिच्यातून रक्त वाहताना दिसलं, तर पोर्टल हायपरटेन्शनबद्दल शंका राहत नाही. याच तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी या असं सांगतात. पोटात वायू कमी असतो हे एक कारण, आणि जेवणानंतर पोर्टल व्हेनमधला प्रवाह वाढून आकडे बदलतात हे दुसरं. सकाळी पोहे खाऊन गेलात तर डॉप्लरचा आकडा तुमचा कमी, पोह्यांचा जास्त असतो.

चौथी ओळ पाण्याची. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात सगळ्यांत खोल जागा दोन: ओटीपोट, आणि लिव्हर व उजव्या मूत्रपिंडामधली फट. तिला मॉरिसन पाऊच म्हणतात. निरोगी माणसात तिथे लिव्हर आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटलेले दिसतात. थोडं पाणी साठलं की त्यांच्या मध्ये काळी पातळ पट्टी येते. हाताने ठोकून पोटातलं पाणी ओळखायला सुमारे दीड लिटर लागतं, तर सोनोग्राफीत शंभर मिलिलिटरच्या आसपासही सापडू शकतं. म्हणजे आपल्या गृहस्थांचं पोट दिसायला साधं होतं, जलोदर वगैरे कुणाच्या मनातही नव्हतं, आणि तरी आतली रेघ खरी होती. गंमत अशी की पाणी वाढलं की लिव्हरची कड बघणं सोपं होतं. पाण्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर गाठींची नक्षी साध्या वक्र प्रोबनेही उठून दिसते.

पाणी आहे म्हणजे लिव्हरच दोषी असंही नाही. हृदय कमजोर झालं तरी पोटात पाणी येतं, कर्करोगातही येतं, आणि आपल्याकडे पोटातला क्षयरोग विसरून चालत नाही. सिरॉसिसचं पाणी पडद्यावर स्वच्छ काळं दिसतं. त्यात तरंगणारे कण, जाळीसारखे पडदे, जाडावलेलं आतड्याचं आवरण दिसलं तर डॉक्टर क्षयाकडे वळतात. खात्री करायला बारीक सुईने पाणी काढून त्यातलं अल्ब्युमिन मोजतात. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून ते वजा केल्यावर उरलेला फरक १.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर पाणी दाबामुळे साठलेलं आहे. याच नमुन्यात जंतुसंसर्गही तपासतात. पोटात पाणी असलेल्या माणसाला ताप आला किंवा तो गुंगीत गेला तर ही तपासणी लांबवता येत नाही.

पाण्यासोबत येणारा एक फसवा शोध म्हणजे पित्ताशयाची जाडावलेली भिंत. सिरॉसिसमध्ये ती ३ मिलिमीटरच्या वर सहज जाते, आणि मग रिपोर्टात पित्ताशयाला सूज असं येतं. एखादा लहान खडाही सोबत असेल तर ऑपरेशनची भाषा सुरू होते. सिरॉसिसच्या माणसाला ऑपरेशन आणि भूल दोन्ही धोक्याचे असतात, म्हणून भिंत जाड का आहे हे आधी ठरवायला हवं. दाबल्यावर त्याच जागी दुखतं का, ताप आहे का, पोटात पाणी आहे का, हे विचारल्याशिवाय ती ओळ वाचूच नये.

आता चारही ओळी जोडून बघू. खडबडीत कड, १४.६ची पाणथरी, ९८,००० प्लेटलेट्स, आणि पाण्याची रेघ. ११ मिलिमीटरची पोर्टल व्हेन या चित्राला छेद देत नाही. सिकलसेल किंवा मलेरियाने पाणथरी वाढली असती तर कड खडबडीत झाली नसती. पोर्टल व्हेन बंद असती तर तिच्या जागी जाळं दिसलं असतं. बावन्न वर्षांचा, मधुमेही, सुटलेल्या पोटाचा माणूस: सगळ्यांत जास्त संभव चरबीमुळे वर्षानुवर्षे झिजत गेलेल्या लिव्हरचा. "आमचे बाबा दारूला शिवत नाहीत हो," असं मुलगा सांगतो आणि ते खरंच असतं. पण हेपेटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी तरीही करावीच लागते. कारण शोधण्याच्या बाबतीत सोनोग्राफी मुकी आहे. दारू, चरबी, विषाणू, सगळ्यांच्या शेवटी पडद्यावर साधारण तेच चित्र येतं.

पडद्यावर न दिसणारं कारण किती घरगुती असू शकतं याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. एकेकाळी आपल्याकडे वर्ष-दोन वर्षांची मुलं इंडियन चाइल्डहुड सिरॉसिसने दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात या मुलांच्या लिव्हरमध्ये साठलेल्या तांब्याचा माग घेतला. तो पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधापर्यंत पोहोचला. पितळेतलं तांबं दुधात उतरत होतं. बाळाच्या दुधाची पितळी भांडी गेली आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

आपल्या गृहस्थांचा खडा निघून गेल्यावर खरं काम सुरू होतं. पहिली गोष्ट म्हणजे ते डायक्लोफेनॅक. पोटात पाणी आणि पोर्टल दाब असलेल्या माणसात अशी वेदनाशामकं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करून ते निकामी करू शकतात. मेडिकलच्या दुकानातून कमरेसाठी आणलेली गोळीही याच जातीची असू शकते. सिरॉसिसमध्ये ताप किंवा दुखण्यासाठी डॉक्टर मर्यादित पॅरासिटामॉल देतात, सहसा दिवसाला २ ग्रॅमच्या आत. दुसरी गोष्ट म्हणजे दुर्बिणीतून अन्ननलिका बघणं. ज्यांच्या लिव्हरचा कडकपणा फायब्रोस्कॅनवर २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर आहेत, त्यांना ही तपासणी टाळता येते. ९८,००० प्लेटलेट्समुळे हा मार्ग इथे बंद आहे. फुगलेल्या शिरा सापडल्या तर कार्व्हेडिलॉलसारखी दाब उतरवणारी गोळी किंवा शिरांना रबरी बँड, हे पर्याय असतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास आणावं लागतं. पापड, लोणचं, शेव आणि फरसाणाच्या घरात हा सगळ्यांत कठीण उपचार असतो, गोळ्या त्या मानाने सोप्या.

दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा होते, पण तिचा उद्देश आता बदललेला असतो. सिरॉसिस आहे हे ठरलेलंच आहे. आता डॉक्टर शोधतो ती नवी गाठ, कारण सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये कर्करोग वाढतो आणि लहान असताना सापडला तर तो काढता किंवा जाळता येतो. १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी नवी गाठ दिसली की तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायला सांगतात. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली आहे का, तेही त्याच वेळी बघतात. अशा वेळी मागचा रिपोर्ट आणि फिल्म सोबत असली तर फार फरक पडतो. पाणथरी १४.६वरून १५.९ झाली, पाण्याची रेघ मॉरिसन पाऊच सोडून ओटीपोटापर्यंत पोहोचली, पोर्टल व्हेनमध्ये मागच्या वेळी नसलेली राखाडी सावली आली, हे एका तपासणीच्या आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी कपाटातला तो मुतखड्याचा रिपोर्ट बाहेर काढावा लागतो.